नकाराचं कारण आणि उघडं ठेवलेलं दार : विज्ञानाच्या इतिहासातली तीन उत्तरं

संशोधनाकडे वळताना नकार पचवायची तयारी ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. अर्ज फेटाळले जातील, निबंध साभार परत येतील, वगैरे. पण पीएच.डी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत नकार लिहायची वेळही तुमच्यावर येते, हे फारसं कुणी सांगत नाही. विभागाच्या परिसंवादाचं काम विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतं आणि आलेल्या सारांशांपैकी निम्म्याहून जास्त परत पाठवायचे असतात. कधी ठरलेली तारीख पुढे ढकलायची असते आणि शंभर जणांना तसं कळवायचं असतं. अशा वेळी आपण काय करतो? जुन्या ईमेलमधलं ‘खेदाने कळवावे लागते की’ उचलतो, त्याला ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ जोडतो आणि पाठवून मोकळे होतो.

असं पत्र वाचणाऱ्याला कोरडं वाटतं, आणि काहीतरी लपवलंय असंही वाटतं. मग पुढच्या वेळी आपण गोड शब्द वाढवतो, पण तक्रार तशीच राहते. कारण दोष शब्दांत नसतो. तो कुठे असतो हे पाहायला विज्ञानाच्या इतिहासात नकाराची काही उत्तरं चांगली नोंदली गेली आहेत. त्यातली तीन घेऊ.

१९३७ : जागा नाही

हान्स क्रेब्ज हे नाव तुम्ही बारावीच्या जीवशास्त्रात वाचलं आहे. आपली पेशी अन्नातून ऊर्जा काढते, त्या प्रक्रियेतल्या ‘क्रेब्ज चक्रा’चे हे क्रेब्ज. मूळचे जर्मन ज्यू. १९३३च्या एप्रिलमध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाने त्यांना ‘रजेवर’ पाठवलं. नाझी सरकारच्या नव्या कायद्याखाली ज्यू माणसाला कामावरून काढण्याची ती पहिली पायरी होती, आणि काही महिन्यांत नोकरी गेलीच. ‘रजा’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. क्रेब्ज इंग्लंडला गेले, आधी केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत आणि १९३५ पासून शेफील्डला.

शेफील्डमध्ये त्यांनी आणि विल्यम जॉन्सन या त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग केले. बारीक केलेल्या स्नायूत सायट्रिक आम्ल अगदी थोडं घातलं, तरी स्नायू जो जास्तीचा ऑक्सिजन वापरायचा तो तेवढं आम्ल जाळायला लागेल त्याहून कितीतरी अधिक असायचा. म्हणजे ते आम्ल नुसतं संपत नव्हतं, ते वापरलं जाऊन पुन्हा तयार होत होतं. यावरून चक्राची कल्पना पक्की झाली. क्रेब्ज यांनी हे एका छोट्या पत्रवजा निबंधात लिहिलं आणि जून १९३७ मध्ये ‘नेचर’ला पाठवलं.

१४ जूनच्या तारखेचं उत्तर आलं. सगळं तृतीयपुरुषी. संपादक डॉ. क्रेब्ज यांना अभिवादन करतात आणि खेदाने कळवतात, अशी त्या काळच्या इंग्रजी दफ्तरी रिवाजातली सुरुवात. पण पुढे जे आहे ते नीट वाचण्यासारखं आहे. पत्रांच्या सदराला सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर आमच्याकडे आधीच पडून आहे, त्यामुळे छपाईला उशीर होणार हे नक्की, म्हणून सध्या नवी पत्रं घेणं योग्य वाटत नाही. तुम्हाला हा उशीर चालणार असेल, तर गर्दी कमी होईपर्यंत तुमचं पत्र ठेवून घ्यायची तयारी आहे, वापरता येईल अशी आशा आहे. तूर्त ते परत पाठवत आहोत, म्हणजे लवकर छापून हवं असल्यास तुम्हाला दुसरीकडे देता येईल.

आशय एवढाच. पण क्रेब्ज यांना हातात काय मिळालं ते मोजा. कारण मिळालं : जागा नाही. आकडा मिळाला : सात-आठ आठवडे. दोन वाटा मिळाल्या : थांबा, किंवा दुसरीकडे जा. आणि दुसरी वाट खरोखर चालता यावी म्हणून मजकूरही हातात परत आला. क्रेब्ज यांनी विस्तृत निबंध लिहिला आणि हॉलंडमधून निघणाऱ्या ‘एन्झायमोलॉजिया’ला दिला. तो दोन महिन्यांत छापून आला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी सांगितलं आहे, की पन्नासहून जास्त निबंध छापून झाल्यावर नकार किंवा निम-नकार म्हणावा असा त्यांचा हा पहिलाच अनुभव होता. ‘निम-नकार’ हा शब्द नेमका आहे. ते पत्र अर्धं नकाराचं आणि अर्धं उशीर कळवणारं होतं.

आता एक प्रश्न. जागा नाही हे कारण खरं होतं, की ती पळवाट होती? पत्र वाचून हे कळतं का? माझ्या मते कळतं, आणि या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. दिलेलं कारण आणि उघडं ठेवलेलं दार एकमेकांशी जुळतंय का, ते पाहायचं. कारण जागेचं असेल, तर जागा झाल्यावर निबंध घेता आला पाहिजे. संपादकांनी तेच देऊ केलं. निबंध मुळात नकोच असता, तर तो ठेवून घेण्याची तयारी दाखवणं त्यांच्याच अंगाशी आलं असतं. खोटं कारण देणारा माणूस सहसा असं दार उघडं ठेवत नाही, कारण समोरचा त्या दारातून आत येण्याची त्याला भीती असते.

या पत्रात निबंधाबद्दल एकही बरा शब्द नाही, हेही पाहा. पण निर्णय गुणवत्तेवर झालेलाच नव्हता. ज्या कामाचं मोल केलं नाही त्याची स्तुती करणं ही थापच झाली असती. आणखी एक, हे पत्र चांगलं होतं म्हणून निर्णयही चांगला होता, असं मला म्हणायचं नाही. पुढे १९५३ मध्ये ज्या कामासाठी नोबेल मिळालं, ते ‘नेचर’ने रांगेच्या लांबीकडे बघून परत पाठवलं. निर्णय आणि तो कळवण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा हिशेबही वेगळाच ठेवायला हवा.

१९५५ : पुरावा पुरेसा नाही

दुसरं उत्तर जास्त झोंबणारं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन काम करत होते. किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्शुलिन ते टोचायचे आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं ते मोजायचे. ज्यांना पूर्वी इन्शुलिनची इंजेक्शनं मिळाली होती, त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. दोघांनी निष्कर्ष काढला की या लोकांच्या शरीरात इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत आणि ती इन्शुलिनला धरून ठेवतात. त्या वेळच्या तज्ज्ञांना हे पटणारं नव्हतं. इन्शुलिन हा रेणू प्रतिपिंडं तयार व्हायला फार लहान आहे, असा समज पक्का होता.

‘सायन्स’ने निबंध नाकारला. मग ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’कडे पाठवला, आणि सप्टेंबर १९५५ मध्ये तिथूनही नकार आला. हे पत्र कोरडं होतं, पण गुळमुळीत नव्हतं. निष्कर्ष हट्टाने मांडलेले आहेत आणि हाती असलेल्या मोजमापांनी ते सिद्ध होत नाहीत, असं संपादकांनी स्पष्ट लिहिलं. त्यापुढे जाऊन निबंधातलं नेमकं वाक्यच उचलून दाखवलं : इन्शुलिनला बांधणारं प्रथिन हे प्रतिपिंडच आहे हा निष्कर्ष टाळता येणारा नाही, असं जे तुम्ही म्हटलं आहे, त्याला तज्ज्ञांचा ठाम विरोध आहे, कारण प्रतिपिंड म्हणायला जे निकष लागतात त्यांवर ते तुम्ही दाखवलेलं नाही.

मघाची कसोटी लावा. कारण आहे : निकषांवर सिद्ध केलेलं नाही. मग दार कुठलं हवं? निकषांवर सिद्ध करा, किंवा दावा कमी करा. दोन्ही दारं पत्राच्या मजकुरातच होती. यालो आणि बर्सन यांनी दोन्ही वापरली. शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढला आणि इन्शुलिन बांधणारं ग्लोब्युलिन असा सावध शब्द घातला. मजकुरात मात्र एका प्रमाण पाठ्यपुस्तकातली प्रतिपिंडाची व्याख्या घेतली आणि आपलं प्रथिन त्या व्याख्येत कसं बसतं ते दाखवून दिलं. निबंध १९५६ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आला. याच कामातून पुढे रक्तातली अत्यल्प संप्रेरकं मोजण्याची पद्धत निघाली आणि १९७७ मध्ये यालो यांना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. नोबेल व्याख्यानात यालो यांनी ते नकाराचं पत्र जगासमोर मांडलं, आणि त्यात राग होता हे उघड आहे.

पण वाचक म्हणून आपण थोडं थांबायला हवं. तज्ज्ञ चुकले होते, हे खरं. तरीही त्यांचा नकार वापरता आला, कारण तो एका वाक्यावर बोट ठेवत होता. समजा, त्याऐवजी ‘आपला निबंध आमच्या वाचकवर्गाला अनुरूप वाटला नाही’ असं सौम्य उत्तर आलं असतं, तर काय बदलायचं हे त्या दोघांना कसं कळलं असतं? चुकीचं पण नेमकं कारण खोडून काढता येतं. मोघम कारण खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही. माझ्या मते मोघमपणाचा खरा त्रास हा आहे. तो समोरच्याचा उत्तर देण्याचा हक्कच काढून घेतो.

१९३३ : मुलगी आहे म्हणून

तिसरं उत्तर आपल्या घरातलं आहे. क्रेब्ज ज्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत आधी राहून गेले होते, त्याच हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत १९३७ नंतर एक मराठी मुलगी काम करायला गेली : कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. केंब्रिजला जाण्याआधी त्यांना बंगळूरमध्ये जे उत्तर मिळालं, ते त्यांच्याच आठवणींमुळे आपल्यापर्यंत पोचलं आहे.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने पार करून कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन. उत्तर आलं की मुलींना इथे प्रवेश नाही. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि जाब विचारला. प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाची तयारी दाखवली. शेवटी रामन यांनी अटींवर घेतलं : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून धरायचं नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि संस्थेतलं वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये. वर्षभराने काम पसंत पडलं, प्रवेश नियमित झाला आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेचं दार उघडलं. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आता हे उत्तर कसोटीवर घासा. ते संदिग्ध आहे का? मुळीच नाही. कारण सांगितलं आहे, आणि खरं कारण सांगितलं आहे. तरीही ते आपल्याला सहन होत नाही. का? कारण या कारणाशी जुळणारं दारच असू शकत नाही. जागा होईपर्यंत थांबता येतं, पुरावा वाढवता येतो. मुलगी असणं कसं दुरुस्त करणार? पुढच्या अटींमध्येही हेच दिसतं. काम पसंत पडणं ही निदान कामाबद्दलची अट आहे. ‘वातावरण बिघडणं’ ही मात्र इतरांच्या वागण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणारी अट, आणि ती पाळली की नाही हे ठरवायचं कसं, ते कुठेच नाही.

हे उत्तर गोड शब्दांत लिहिलं असतं तर सुधारलं असतं का? उलट आणखी बिघडलं असतं. ‘यंदा अर्ज फार आले’ असं कळवलं असतं, तर कमलाबाईंना जाब विचारायलाही जागा उरली नसती. आता फ्रायबुर्गची ती ‘रजा’ आठवा. तिथे कारण कुणाला अवघड वाटत नव्हतं, सरकारने ते कायद्यातच लिहिलं होतं. तरीही क्रेब्ज यांच्या हाती पडलेल्या शब्दात ना कारण होतं, ना पुढचं काही. रजेवरचा माणूस परत येतो, या माणसाने परत यायचं नव्हतं. शब्द एक दार दाखवत होता आणि ते दार भिंतीवर रंगवलेलं होतं.

यातून लिहिणाऱ्याने घ्यायचा धडा थोडा अस्वस्थ करणारा आहे. नकाराचं पत्र लिहिताना वाक्य जुळत नसेल, कारण लिहिताना हात अडखळत असेल, तर दर वेळी ती भाषेची अडचण नसते. कधीकधी कारणच लिहिण्याजोगं नसतं. अशा वेळी पत्र बाजूला ठेवून निर्णय पुन्हा तपासायला हवा.

ही पत्रं आपल्यापर्यंत आली कशी?

संशोधनाची तयारी करताय, म्हणून साधनांबद्दल एक सावधगिरी. क्रेब्ज आणि यालो यांना आलेली पत्रं आपल्याला माहीत आहेत, कारण ती ज्यांना आली त्यांनी जपली, आणि त्यांना पुढे नोबेल मिळालं. ज्यांचा निबंध योग्य कारणाने परत आला आणि ज्यांनी पत्र फाडून टाकलं, ते या साधनसंग्रहात नाहीत. त्यामुळे अशी पत्रं एकत्र वाचली, की सगळे संपादक मूर्ख होते असं वाटू लागतं. तो निष्कर्ष साधनांच्या निवडीतून आलेला आहे. या पत्रांवरून किती नकार चुकीचे असतात हे सांगता येणार नाही. एखादा नकार मिळालेल्या माणसाला पुढे काय करता आलं, एवढं मात्र सांगता येतं, आणि आपला प्रश्न तेवढाच आहे.

एक पत्र लिहून पाहू

समजा, तुमच्या विभागाच्या परिसंवादासाठी ६४ सारांश आले आणि निबंध वाचायला जागा १८. एका विद्यार्थिनीचा सारांश समितीने घेतला नाही. विषय चांगला होता, पण कोणती साधनं वापरणार हे तिने लिहिलंच नव्हतं. नेहमीचं पत्र असं जातं :

‘आपल्या सहभागाबद्दल आभार. मोठ्या संख्येने उत्तम सारांश प्राप्त झाल्याने आपला सारांश निवडणे शक्य झाले नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

कसोटी लावा. दिलेलं कारण संख्येचं आहे. तसं असेल तर जुळणारं दार प्रतीक्षायादीचं. पण ते द्यायची समितीची तयारी नाही, कारण खरं कारण वेगळं आहे. म्हणून हे पत्र गुळगुळीत असूनही खोटं वाजतं. आता हे वाचा :

‘तुमचा सारांश या वेळच्या परिसंवादासाठी आम्ही घेतलेला नाही. ६४ सारांश आले आणि १८ जागा होत्या. निवड करताना आम्ही प्रश्न आणि साधनं, दोन्ही पाहिली. तुमचा प्रश्न स्पष्ट होता, पण तो कोणत्या कागदपत्रांच्या किंवा मुलाखतींच्या आधारे सोडवणार हे सारांशात नव्हतं, म्हणून तो मागे पडला. निर्णय या परिसंवादापुरता अंतिम आहे. साधनांचा परिच्छेद जोडून हाच सारांश तुम्ही पुढच्या वर्षी पाठवू शकता. आमच्या वाचनात चूक झाली असं वाटत असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा, समितीतल्या दोघी तो पुन्हा वाचतील.’

निर्णय पहिल्याच वाक्यात आहे, चौथ्या ओळीपर्यंत जीव टांगणीला लागत नाही. ‘शक्य झाले नाही’ऐवजी ‘आम्ही घेतलेला नाही’ असं आहे, म्हणजे निर्णय कुणाचा हे दिसतं. स्तुती एकाच गोष्टीची आहे, आणि ती खरी आहे. कारण साधनांचं आहे आणि दारही साधनांचंच आहे. शेवटचं वाक्य मात्र पुन्हा वाचायची खरंच तयारी असेल तरच लिहायचं, नाहीतर ते फ्रायबुर्गच्या रजेसारखं होईल.

तारीख पुढे ढकलताना हीच रीत, फक्त दाराच्या जागी आकडा येतो. ‘लवकरच कळवू’ याने कुणालाच काही ठरवता येत नाही. नवी तारीख माहीत असेल तर ती द्या. नसेल तर पुढची बातमी कधी द्याल ती तारीख द्या, आणि त्या दिवशी सांगायला नवं काही नसलं तरी लिहा. ‘नेचर’च्या त्या पत्रात ‘सात-आठ आठवडे’ लिहिलं होतं. तेवढ्या आकड्यावर क्रेब्ज यांना ठरवता आलं की थांबायचं नाही.